कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा उतरवताना

वाहनकर्जाचा शेवटचा हप्ता भरला, तरी आरसीवरचे बँकेचे नाव आपोआप जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ नुसार ही नोंद काढण्यासाठी मालकाला आरटीओकडे अर्ज करावा लागतो.

आधी बँकेकडे कर्ज खाते क्रमांक आणि वाहन क्रमांक देऊन लेखी मागणी करावी. बँकेकडून कर्ज फिटल्याचे पत्र, ना हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ घ्यावा. एखादा हप्ता बाउन्स झाल्याचा दंड बाकी असेल, तर सगळे हप्ते भरूनही खाते बंद होत नाही. म्हणून खातेउताऱ्यावर बाकी शून्य दिसते का, ते पाहावे.

नमुना ३५ वर मालक आणि बँक दोघांच्याही सह्या लागतात. चासी क्रमांकातला एक आकडा चुकला, तरी अर्ज परत येऊ शकतो. त्यामुळे बँकेतून निघण्यापूर्वीच कागद आरसीशी ताडून घ्यावेत. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असल्यास त्याआधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करून शुल्क भरावे.

नवी आरसी आल्यावर ती दाखवून विमा पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्यावे.