वातावरण, बर्फ आणि गर

शीतगृहाच्या यंत्रांसोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तिका मी फळव्यापाऱ्यांसाठी मराठीत आणतो. सुरुवातीला केळी पिकवायच्या खोलीच्या पुस्तिकेत ‘पल्प टेम्परेचर’ आले. कोश पाहून मी ‘लगद्याचे तापमान’ असे लिहिले. मसुदा वाचायला दिलेल्या व्यापाऱ्याने विचारले, “लगदा कुठला, साहेब? माल अजून हिरवा आहे. गर म्हणा ना.” शब्द त्याच्याकडे आधीच होता. ‘गराचे तापमान’ म्हटले की सुईचा थर्मामीटर केळ्यात खुपसून बघायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि बघावेच लागते, कारण पिकताना केळी स्वतः उष्णता सोडतात. खोलीची हवा 16 अंश दाखवत असली, तरी पेटीच्या मधल्या फण्या त्याहून गरम असू शकतात.

‘डिफ्रॉस्ट सायकल’ने मला जास्त शिकवले. पुस्तिकेत मी ‘निर्हिमीकरण चक्र’ लिहून मोकळा झालो होतो. पुढे द्राक्षांच्या एका शीतगृहात रात्रपाळीच्या माणसाने पाहिले, की शून्यावर असणारा आकडा चारवर गेला आहे आणि आतले पंखे बंद आहेत. मशीन बंद पडली असे समजून त्याने मेकॅनिकला फोन केला आणि तो येईपर्यंत दार उघडून ठेवून आत बघत राहिला. खरे तर मशीन ठीक चालली होती. द्राक्षे शून्याजवळ ठेवायची तर कॉइल त्याहून थंड लागते. मग हवेतली आणि फळातून निघालेली ओल कॉइलवर येऊन गोठते. बर्फाचा थर वाढला की पात्यांमधून हवा जात नाही आणि खोली थंड होईनाशी होते. म्हणून मशीन ठरावीक वेळाने थंडावा थांबवून हीटरने किंवा गरम गॅसने तो बर्फ वितळवते. तेवढा वेळ पंखे मुद्दाम बंद असतात, नाहीतर ती ऊब आणि ओल मालावर फेकली जाईल. कॉइलजवळच्या हवेचा आकडा चढतो, पण पेटीतल्या घडापर्यंत ती ऊब एवढ्या वेळात फारशी पोचत नाही. नुकसान झाले ते उघड्या दाराने. बाहेरची दमट हवा आत शिरली आणि नुकत्याच साफ झालेल्या कॉइलवर पुन्हा बर्फ धरला.

आता मी तिथे ‘बर्फ उतरवण्याची पाळी’ लिहितो. पाण्याची पाळी द्राक्षवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहे, त्यामुळे हे ठरलेल्या वेळी येते आणि संपते, एवढे त्या शब्दातच कळते. पॅनेलवर ‘डिफ्रॉस्ट’ हेच नाव दिसते, म्हणून तेही शेजारी ठेवतो. खाली दोन ओळी असतात: पाळी चालू असताना दार उघडू नका; पाळी संपून पंखे फिरू लागले तरी आकडा खाली येत नसेल, किंवा कॉइलच्या एकाच बाजूला जाड बर्फ राहिला असेल, तर मेकॅनिकला बोलवा.

‘कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर’चे भाषांतर मात्र नुसते अवघड नाही, ते चुकले तर जीव जाऊ शकतो. ‘नियंत्रित वातावरण’ व्याकरणाने बरोबर आहे. पण मराठीत वातावरण ढगाळ असते, तंग असते. व्यापारी ते वाचून ‘म्हणजे एसी खोली’ असे समजतो. मग वाशीच्या बाजारात सीएचा म्हणून घेतलेला सफरचंदाचा माल तो साध्या शीतगृहात टाकतो आणि तिथेही तो तसाच टिकेल असे धरून चालतो. सीए खोलीत थंडी तर असतेच, पण मुख्य काम हवेचे असते. साध्या हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, तो तिथे 2-3 टक्क्यांवर आणलेला असतो. फळाचा श्वास त्यामुळे मंदावतो आणि ते महिनोन्‌महिने करकरीत राहते. माल बाहेर आला की श्वास पुन्हा वाढतो. प्राणवायू फारच कमी झाला तर आतल्या आत आंबण सुरू होते आणि फळ कापल्यावर दारूसारखा वास येतो.

फळाला मानवणारी ही हवा माणसाला दोन-चार श्वासांत बेशुद्ध करते. तिला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्याची जाणीव होईलच असेही नाही. एक पडला म्हणून त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. ‘नियंत्रित वातावरण, प्रवेश निषिद्ध’ या पाटीने हमालाला यातले काय कळणार? त्याला ती मालकाची शिस्त वाटते.

म्हणून आत ‘प्राणवायू कमी केलेली खोली’ आणि दारावर, फूटभर उंचीच्या अक्षरांत, एवढेच: ‘आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. आत कोणी पडलेला दिसला तरी तसेच शिरू नका. आधी ओरडून माणसे बोलवा.’