थांबलेला बाजार, जोडलेला चार्ट

13 मार्च 2020. बाजार उघडून जेमतेम पाच-सहा मिनिटं झाली होती, तेवढ्यात निफ्टी दहा टक्क्यांनी कोसळला आणि व्यवहार थांबले. दुपारी एकच्या आत एवढी पडझड झाली, तर नियमानुसार बाजार 45 मिनिटं बंद राहतो. पुढची 15 मिनिटं फक्त ऑर्डरी गोळा होतात आणि सर्वाधिक शेअर ज्या भावाला जुळतील, तोच सुरुवातीचा भाव ठरतो.

त्या तासाभराच्या कँडल्स नाहीतच! अनेक चार्ट 9.20 ची कँडल थेट 10.20 च्या कँडलला चिकटवतात. मूव्हिंग ॲव्हरेजही मिनिटं नव्हे, कँडल्स मोजतो. म्हणून घड्याळ न पाहणारा फसतो.

दिवसअखेर निफ्टी 9,955 वर, आदल्या दिवसापेक्षा सुमारे 3.8 टक्के वर बंद झाला.