तथापि, शिवाय, सबब

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापसाची आवक वाढली आणि भाव उतरला, एवढेच सांगावयाचे असता नवशिका लेखक ‘आवक वाढली, तथापि भाव उतरला’ असे लिहितो, तेव्हा वाक्य भारदस्त दिसत असले तरी त्यातील तर्क उलटा फिरलेला असतो. आवक वाढल्यावर भाव उतरणे हे अपेक्षितच. म्हणून तेथे ‘सबब’ किंवा साधे ‘म्हणून’ हवे. भाव मात्र चढलाच, तर ‘तथापि’ शोभते, कारण अपेक्षेचा भंग दाखविणे हेच त्याचे काम. ‘शिवाय’ची मर्यादा निराळी: ते त्याच बाजूचा आणखी एक मुद्दा आणते; ‘भाव उतरला, शिवाय वजनातही घट धरली’ हे ठीक, पण ‘शिवाय पाऊस बरा झाला’ म्हटल्यास तक्रारीचा धागाच तुटतो.

इंग्रजीत अशा शब्दांची अडचण विरामचिन्हाची. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण असल्याने दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडण्यास ते असमर्थ आहे. त्यापूर्वी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो, ‘बट’ला मात्र स्वल्पविराम पुरतो. मराठी ‘परंतु’च्या सवयीने लिहिणारा नेमका येथेच अडखळतो.

मराठी अर्जातील ‘सबब’ कारणे संपल्यावर, विनंतीच्या आधी, एकदाच यावे. प्रत्येक परिच्छेदाच्या मुखाशी असे अव्यय बसविले असल्यास ते खोडून पाहावे; अर्थ न बिघडल्यास पुन्हा लिहू नये.