शेजारच्या चेच्चींना ओणमच्या शुभेच्छा

डोंबिवलीत किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये शेजारी मल्याळी कुटुंब असणं नवलाचं नाही. ओणमला त्यांच्या दारात पूक्कळम्, म्हणजे फुलांची रांगोळी दिसते आणि आपण ‘हॅपी ओणम’ म्हणून मोकळे होतो. मल्याळी माणसंही तसं म्हणतात, त्यात चूक काही नाही. पण मल्याळम उच्चार आपल्याला जमणार नाहीत हा गैरसमज आहे, त्यापायी तेवढ्यावर थांबू नये. पारंपरिक शुभेच्छा एका शब्दाची आहे: ‘ओणाशंसकळ्’. ओणम अधिक आशंसा, पुढे अनेकवचनाचा प्रत्यय. रोमन लिपीतल्या निरोपावरून वाचलं की ण चा न आणि ळ चा ल होतो. हे दोन्ही वर्ण तर मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून आहेत. जास्त मनापासून म्हणायचं असेल तर ‘हृदयम् निऱञ्ञ ओणाशंसकळ्’, म्हणजे मन भरून शुभेच्छा.

दुसरा गैरसमज असा की ओणम म्हणजे केरळचं नववर्ष. कोल्लम वर्ष चिंगम महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं, तर ओणम याच महिन्यात श्रवण नक्षत्रावर, म्हणजे तिरुवोणमला येतो. त्यामुळे ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ इथे बसत नाहीत.

‘वामन जयंतीच्या शुभेच्छा’ देताना तर जास्तच जपावं. तृक्काकरच्या देवळात वामनाची पूजा होते हे खरं. पण घराघरांत वाट पाहिली जाते ती प्रजेला भेटायला येणाऱ्या महाबलीची, ‘मावेली’ची. ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या मराठी घराला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. शिवाय ख्रिस्ती आणि मुस्लिम मल्याळीही ओणम साजरा करतात, तेव्हा आडनाव पाहून शुभेच्छा राखून ठेवू नयेत.

तिरुवोणम हुकला तर उशीर झाला, असंही नाही. 2025 मध्ये तिरुवोणम 5 सप्टेंबरला होता. 6 ला अविट्टम आणि 7 ला चतयम, म्हणजे तिसरा आणि चौथा ओणम. या दिवसांतही शुभेच्छा चालतात.

उत्तराचं काय? शेजारीण आधी बोलली तर नुसतं ‘नन्दि’ (धन्यवाद) म्हणणं कोरडं वाटतं. शुभेच्छा परत करावी. पुस्तकात ‘निङ्ङळ्क्कुम् ओणाशंसकळ्’ (तुम्हालाही) असं सापडेल. समवयस्कांत ते चालतं, मात्र वडीलधाऱ्यांना ‘निङ्ङळ्’ म्हणणं परकं, कधी उद्धटही वाटतं. तिथे सर्वनामाऐवजी नातं येतं: ताईला ‘चेच्चिक्कुम् कुडुंबत्तिनुम् ओणाशंसकळ्’, दादाला ‘चेट्टनुम् कुडुंबत्तिनुम् ओणाशंसकळ्’. म्हणजे तुम्हालाही आणि घरच्यांनाही.

मग बहुधा पुढचा प्रश्न येईल: ‘सद्य कऴिच्चो?’ सद्य म्हणजे केळीच्या पानावरचं ओणमचं जेवण. ऴ चा उच्चार र आणि ळ यांच्या मधला आहे. जमला नाही तरी उत्तर समजतं. जेवण झालं असेल तर ‘कऴिच्चु’, नसेल तर ‘इल्ला’. ‘इल्ला’ म्हणालात तर पान वाढलं जाण्याची तयारी ठेवा.