फोटो उघडलाच नाही, तरी गाडी कळते

वेळापत्रकाच्या फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन, आणि त्याखाली प्रश्न मात्र शाबूत: "बर्नहून झुरिकला किती वेळ लागेल? आणि तिथे उतरून कूरची गाडी मिळेल का?" फोटो नाही म्हणजे उत्तर नाही, असंच कुणालाही वाटेल. पण या दोन प्रश्नांची जातच वेगळी आहे. एकाला फोटो फारसा लागत नाही. दुसऱ्याला लागतो, पण स्वित्झर्लंडमध्ये त्यालाही अर्ध्या फोटोवर भागतं. ही गंमत कळल्यापासून मी कुठलंही वेळापत्रक आधी मिनिटांच्या आकड्यांकडे बघूनच वाचतो.

प्रवासाला किती वेळ लागेल, हा अंतराचा आणि वेगाचा हिशोब आहे. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. घाट आणि थांबे धरून चांगली एक्सप्रेस गाडी सरासरी ताशी साठच्या आसपास चालते, म्हणजे तीन तास आणि वर थोडं. वेळापत्रक न बघता केलेला हा अंदाज दहा-पंधरा मिनिटांनी चुकला तरी बिघडत नाही. तेवढ्यावरून घरी फोन करून "जेवायला येतो" म्हणता येतं.

पुढची गाडी मिळेल का, याला असा अंदाज चालत नाही. बर्नहून निघालेली गाडी किती वेगात येते याच्याशी कूरची गाडी कधी सुटते याचा काही संबंध नाही. पहिली गाडी दोन मिनिटं उशिरा पोचली तर दुसरी सुटलेली असू शकते, आणि दोन मिनिटं लवकर पोचली तर फलाटावर निवांत कॉफी होते. अंतर, वेग, थांबे सगळं माहीत असलं तरी दोन गाड्यांची घड्याळं एकमेकांशी कशी बांधली आहेत हे कळत नाही. ते फक्त वेळापत्रकात असतं, आणि ते तर त्या करड्या चौकोनात अडकलं आहे.

यातून वाट निघते ती अशी. स्विस रेल्वेने १९८२ च्या मे महिन्यात देशभर एक पद्धत सुरू केली: दर तासाला गाडी, आणि तीही दर तासाच्या त्याच मिनिटाला. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी गाडी असेल तर ८ वाजून २ मिनिटांनी आहे, ९ वाजून २ मिनिटांनीही आहे. म्हणजे तासाचा आकडा विसरायचा आणि नुसतं मिनिट लक्षात ठेवायचं. एवढ्यानेच निम्मं वेळापत्रक गळून पडतं. खरी जादू मात्र पुढे आहे.

समजा, आपल्या हाती परतीच्या प्रवासाचं एक जुनं तिकीट लागलं. त्यावर इतकंच आहे: कूरहून सुटते ३८ ला, झुरिकला पोचते ५३ ला, झुरिकहून बर्नची गाडी २ ला, बर्नला ५८ ला. आपल्याला उलट जायचं आहे, बर्नहून कूरला. प्रत्येक मिनिट ६० मधून वजा करा आणि पोचण्याच्या जागी सुटणं लिहा. बर्नला ५८ ला पोचते, म्हणून बर्नहून २ ला सुटते. झुरिकहून २ ला सुटते, म्हणून झुरिकला ५८ ला पोचते. कूरची गाडी झुरिकला ५३ ला येते, म्हणून झुरिकहून ७ ला सुटते, आणि कूरला २२ ला पोचते. फोटो न उघडता अख्खा प्रवास हाती आला.

आता मूळ प्रश्न. ५८ ला उतरायचं, ७ ला पुढची गाडी: मध्ये नऊ मिनिटं. आणि परतीला? ५३ ला उतरून २ ला पुढची गाडी: पुन्हा नऊच. हा योगायोग नाही. सगळं वेळापत्रक पूर्ण तासाच्या क्षणावर धरलेल्या आरशातलं प्रतिबिंब आहे. तासाआधी सात मिनिटांनी आलेली गाडी आरशात तासानंतर सात मिनिटांनी सुटणारी दिसते. काळाची दिशा उलटली की येणं हे जाणं होतं, पण दोन घटनांमधलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून जाताना गाडी मिळत असेल तर येतानाही मिळते.

या आरशाचा आणखी एक परिणाम खिडकीतून दिसतो. बर्नहून २ ला निघालेली आणि झुरिकहून २ ला निघालेली, अशा दोन गाड्या छप्पन्न मिनिटांच्या वाटेवर बरोबर मध्यावर भेटतात, म्हणजे ३० मिनिटांच्या ठोक्याला. तासाला एक गाडी असलेल्या कुठल्याही अशा मार्गावर समोरची गाडी दर अर्ध्या तासाला भेटणारच, ० ला आणि ३० ला. मग नियोजन करणाऱ्यांनी विचार उलटा केला: गाड्या त्या क्षणी भेटणारच असतील तर त्या मोठ्या स्टेशनातच का भेटू नयेत? पूर्ण तासाच्या जरा आधी चारी दिशांनी गाड्या आत याव्यात, माणसांनी फलाट बदलावेत, आणि तासानंतर सगळ्या बाहेर पडाव्यात.

त्यासाठी दोन मोठ्या स्टेशनांमधला प्रवास तासाच्या किंचित आत बसावा लागतो. बर्न-झुरिकला तो तासाहून जास्त होता. म्हणून माट्टश्टेटन ते रोथरिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा लोहमार्ग बांधला, आणि डिसेंबर २००४ पासून प्रवास ५६ मिनिटांवर आला. रेल्वे साधारणपणे वेग आधी ठरवते आणि वेळापत्रक मागाहून लिहिते. इथे वेळापत्रक आधी ठरलं आणि त्याला हवे तेवढेच रूळ टाकले. चाळीस मिनिटांवर आणण्यात अर्थ नव्हता. गाडी लवकर पोचून फलाटावर नुसती उभी राहिली असती.

साठची ही वजाबाकी डोळे मिटून करू नये. आरसा कधीकधी अगदी ० वर नसतो, मिनिटभर अलीकडे असतो. मग बेरीज ६० ऐवजी ५९ किंवा ५८ येते. म्हणून आधी ओळखीची एक जोडी तपासायची: त्याच स्टेशनात, त्याच मार्गावर, एका बाजूला पोचण्याचं मिनिट आणि उलट बाजूला सुटण्याचं मिनिट. बेरीज साठच्या आसपास आली तर पुढे जायचं. तिसाच्या आसपास आली तरी घाबरायचं नाही, गाडी अर्ध्या तासाला आहे एवढाच त्याचा अर्थ. गर्दीच्या वेळी घातलेल्या जादा गाड्या, रात्रीच्या शेवटच्या गाड्या आणि रुळांचं काम चालू असलेले दिवस आरशाबाहेर राहतात. शिवाय नऊ मिनिटं पुरतात की नाही, हे तर उघडलेला फोटोही सांगत नाही. झुरिकच्या मुख्य स्टेशनात काही फलाट वर आहेत आणि काही जमिनीखाली. खालून वर यायला सरकते जिने आणि लांब चाल आहे. बॅगा आणि लहान मूल सोबत असेल तर नऊ मिनिटं झपकन जातात.

आपल्याकडे हा खेळ डेक्कन क्वीनवर करून पाहा. पुण्याहून सकाळी ७.१५ ला, मुंबईला १०.२५ ला, संध्याकाळी मुंबईहून १७.१०, पुण्याला २०.२५. पुण्याच्या दोन वेळांचा मध्य दुपारी १.५० येतो, मुंबईच्या दोन वेळांचाही जवळपास तोच. म्हणजे आरसा इथेही आहे, पण तो या एकाच गाडीपुरता. तिची एक बाजू ठाऊक असेल तर दुसरी पाचेक मिनिटांच्या फरकाने निघेल. मात्र पुण्यात तिच्यातून उतरून पुढची गाडी मिळेल का, हे काही त्यातून निघत नाही, कारण त्या पुढच्या गाडीचा मध्य दुपारी १.५० लाच असावा असं कुणी ठरवलेलं नाही. तिच्यासाठी फोटो पुन्हा मागवावाच लागतो.