कोपर ते मनगट : टॅटूचा स्टेन्सिल नेमका कुठे बसवायचा? भरतीच्या तयारीतील तरुणांनी काय तपासावे?

हिंगोली : महाशिवरात्रीला औंढा नागनाथला गेलेल्या अनेक तरुणांच्या हातावर त्रिशूळ, डमरू किंवा ‘ॐ नमः शिवाय’ दिसते. याच जिल्ह्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे आणि पहाटे मैदानावर धावून भरतीची तयारी करणारी मुलेही गावोगावी आहेत. टॅटूची हौस आणि वर्दीचे स्वप्न एकाच हातावर आले की त्याची जागा आणि आकार महत्त्वाचे ठरतात. सुई लागण्याआधीचा जांभळा स्टेन्सिल पुसता येतो, टॅटू पुसता येत नाही. त्यामुळे निर्णय स्टेन्सिलवरच व्हायला हवा.

नियम काय सांगतो?

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीच्या सूचनांमध्ये टॅटूबाबत तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे मजकूर : धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते. दुसरी जागा : कोपर ते मनगट या भागाची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची, कारण सलामी उजव्या हाताने दिली जाते. हाताच्या पंजाची मागची बाजूही चालते. तिसरी गोष्ट म्हणजे आकार : त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी.

लष्कराच्या भरतीतही कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा भाग आणि पंजाची मागची बाजू यांनाच मुभा आहे. ज्या भरतीसाठी अर्ज करायचा, तिची जाहिरात टॅटूआधीच वाचणे उत्तम.

आता एक चतुर्थांश मोजायचा कसा, क्षेत्रफळाने की लांबीने? अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा असतो. म्हणून कडक अर्थ धरलेला बरा. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत हात २५ सेंटीमीटर असेल, तर त्याचा चौथा भाग सव्वासहा सेंटीमीटर होतो. म्हणजे चित्र ६ सेंटीमीटरच्या आतच ठेवायचे.

एक उदाहरण : त्रिशूळ, तीन जागा

समजा, एका तरुणाने मोबाइलवर चित्र आणले आहे. १५ सेंटीमीटरचा त्रिशूळ, त्याला डमरू बांधलेला आणि दांड्यावर ‘ॐ नमः शिवाय’. त्याच्या डाव्या हाताचा घेर कोपराखाली २६ सेंटीमीटर, तर मनगटाशी १७ सेंटीमीटर आहे. भरतीचा विचार क्षणभर बाजूला ठेवून हेच चित्र तीन ठिकाणी लावून पाहू.

जागा पहिली, मनगटालगत : इथे हात निमुळता असल्याने समोरून जेमतेम ५ सेंटीमीटर रुंदीच सपाट दिसते. त्रिशूळाची बाहेरची दोन टोके कडेला वळून दिसेनाशी होतात. घड्याळाचा पट्टा आणि मनगटाच्या घड्या यांचे घर्षणही इथेच जास्त. मनगटाच्या घडीपासून किमान दोन बोटे जागा मोकळी सोडावी ती यासाठीच.

जागा दुसरी, बरोबर मध्यरेषेवर : तळहात वर करून टेबलावर ठेवला की हे चित्र सरळ दिसते. उभे राहून हात खाली सोडला की दांडा वाकतो. कारण हात फिरवताना अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून फिरते. मनगटाजवळची कातडी पंजाबरोबर जवळपास पूर्ण फिरते, कोपराजवळची मात्र फारशी हलत नाही. वरचे टोक जागेवर आणि खालचे फिरलेले, त्यामुळे सरळ रेषेला पीळ पडतो.

जागा तिसरी, कोपराखाली चार बोटे सोडून : इथे स्नायू सर्वात भरलेला असतो. त्रिशूळाची रुंद टोके या भरीव भागावर येतात आणि दांडा मनगटाकडे निमुळता होत जातो. चित्राचा उतार आणि हाताचा उतार एकाच दिशेला जातो, वळणही कमी दिसते. टोके कोपराकडे असल्याने हात सोडला की समोरच्याला त्रिशूळ उभा दिसतो. तिन्हींत हीच जागा सरस.

तुलना कशी करायची?

केस काढून, स्पिरिटने पुसून कातडी कोरडी झाली की स्टेन्सिल लावतात. तो लावताना हात टेबलावर नको. उभे राहून हात सैल सोडलेला हवा, कारण दिवसभर हात याच स्थितीत जास्त दिसतो. स्टेन्सिल १० ते १५ मिनिटे सुकू द्यावा. मग चार फोटो काढावेत : हात सोडून, तळहात समोर करून, तळहात मागे करून आणि कोपरात वाकवून. फोटोचे अंतर आणि प्रकाश तोच ठेवावा. जागा पटली नाही तर स्पिरिटने पुसून पुढच्या जागी लावावा. जत्रेतल्या गर्दीत एवढा वेळ मिळत नाही आणि टॅटू तिरके होण्याचे तेच मोठे कारण असते.

देवनागरी मजकुरात चूक आणखी उठून दिसते. शिरोरेषा सरळच असायला हवी, हे डोळ्याला माहीत असते. पाकळी थोडी कलली तरी चालून जाते, शिरोरेषा कलली की लगेच खटकते.

वीस वर्षांनी कसे दिसेल?

याचे उत्तर अनेकांच्या घरातच आहे. आजीच्या हातावरचे गोंदण नीट पाहा. रंग काळ्याचा हिरवट-निळसर झालेला असतो, ठिपके पसरलेले असतात, तरी नक्षी ओळखू येते. कारण ठिपक्यांमध्ये जागा मोकळी सोडलेली असते. शाई कातडीच्या आतल्या थरात, तिथल्या पेशींमध्ये अडकून राहते आणि वर्षांगणिक थोडी पसरते. रेषा जाड होत जाते आणि दोन रेषांमधली फट बुजत जाते. उन्हाने रंगही फिका पडतो. सुदैवाने हाताच्या आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा ऊन कमी लागते आणि वजन वाढले तरी पोटासारखी इथली कातडी फार ताणली जात नाही.

घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. चित्र खऱ्या आकारात कागदावर काढा आणि प्रत्येक रेषा पेनाने दुप्पट जाड करा. फटी शिल्लक राहिल्या तर चित्र टिकेल. बुजल्या तर आकार वाढवा, नाहीतर तपशील कमी करा.

मग या तरुणाने काय करावे?

इथे भरतीचा नियम पुन्हा समोर येतो. चित्र ६ सेंटीमीटरचे केले की दांड्याला ४ सेंटीमीटर उरतात. त्यात ‘ॐ नमः शिवाय’ची सहा अक्षरे बसवली तर प्रत्येकाला साडेसहा मिलिमीटर मिळतात आणि ‘श’च्या आतली फट मिलिमीटरभरच राहते. जाड रेषेच्या चाचणीत ती लगेच बुजते. आकार वाढवायची सोय नाही, म्हणजे तपशीलच कमी करावा लागेल.

मंत्र काढून टाकायचा, डमरू दोन साध्या त्रिकोणांत आणायचा, रेषांमध्ये किमान २ मिलिमीटर जागा ठेवायची आणि स्टेन्सिल डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली चार बोटांवर बसवायचा. मंत्र हवाच असेल तर तो निवड यादी लागल्यावर, त्या दलाचे नियम पाहून, मोठ्या अक्षरात आणि वेगळ्या जागी करता येईल. दांड्याखालची जागा तोवर रिकामी ठेवलेली बरी.