वर कोण, खाली कोण? दोन वक्रांमधले क्षेत्रफळ

दोन वक्ररेषा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक बंदिस्त भाग तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्या भागाचे उभे, अगदी अरुंद काप कल्पिले जातात. कापाची उंची म्हणजे वरच्या वक्राच्या y मधून खालच्या वक्राचा y वजा केल्यावर उरते ती. सगळ्या कापांची बेरीज म्हणजे समाकलन, कॉलेजच्या भाषेत इंटिग्रेशन. बेरीज कुठून कुठपर्यंत करायची ते छेदनबिंदू सांगतात. वजाबाकी कशातून कशाची, हे वर कोण आहे त्यावरून ठरते. उत्तर चुकते ते बहुधा या दोन ठिकाणी. समाकलन बिचारे उगाच बदनाम होते.

y = x² हा अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, आणि y = x + 2 ही सरळ रेषा घेऊ. छेदनबिंदूवर दोन्हींचा y एकच असतो, म्हणून x² = x + 2. सगळी पदे एका बाजूला आणून अवयव पाडले की (x − 2)(x + 1) = 0, म्हणजे x = −1 आणि x = 2. आता या दोहोंमधला कोणताही सोयीचा x घ्यावा, उदाहरणार्थ 0. तिथे अन्वस्ताची उंची 0 आणि रेषेची 2, म्हणून रेषा वर. एका बिंदूवरून सगळ्या पट्ट्याचा निकाल लावता येतो, कारण दोन्ही रेषा अखंड आहेत. वरची खाली यायची तर तिला वाटेत दुसरीला छेदावेच लागेल, आणि −1 ते 2 यांच्या दरम्यान छेदनबिंदू नाही.

```
∫ (x + 2 − x²) dx,  −1 ते 2  =  9/2
```

हे उत्तर समाकलनाशिवायही पडताळता येते. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच दाखवले होते, की रेषेने कापलेल्या अन्वस्ताच्या भागाचे क्षेत्रफळ त्यात बसवलेल्या एका त्रिकोणाच्या 4/3 पट असते. त्या त्रिकोणाचा पाया म्हणजे कापणारी रेषा, आणि शिरोबिंदू अन्वस्तावर जिथे स्पर्शिका त्या रेषेला समांतर असते तिथे. इथे तो x = 1/2 वर येतो, त्रिकोणाचे क्षेत्रफळ 27/8 भरते आणि त्याची 4/3 पट बरोबर 9/2.

खरी फसगत पुढच्या उदाहरणात होते. y = x³ − x² हा वक्र आणि y = 2x ही रेषा. समीकरण x³ − x² = 2x. दोन्ही बाजूंना x दिसतो, म्हणून त्याने भागून टाकण्याचा मोह होतो. मग x² − x − 2 = 0 उरते आणि पुन्हा −1 आणि 2 हीच उत्तरे येतात. पण भागताना x = 0 हा छेदनबिंदू हातचा गेला. भागाकार न करता x सामाईक काढला असता तर x(x − 2)(x + 1) = 0 मिळून तिन्ही बिंदू दिसले असते.

तो हरवलेला बिंदू साधासुधा नाही. x = −1/2 वर वक्राची उंची −3/8 आणि रेषेची −1, म्हणून वक्र वर. x = 1 वर वक्राची 0 आणि रेषेची 2, म्हणून रेषा वर. म्हणजे 0 वर दोघींनी जागा बदलल्या. (−3/8 आणि −1 दोन्ही ऋण आहेत म्हणून बिचकायचे कारण नाही. आपल्याला त्यांच्यातले अंतर हवे आहे, आणि ते 5/8 आहे.) त्यामुळे दोन तुकडे वेगळे काढावे लागतात:

```
−1 ते 0:  ∫ (x³ − x² − 2x) dx = 5/12
 0 ते 2:  ∫ (2x − x³ + x²) dx = 8/3
एकूण: 37/12
```

रेषाच सगळीकडे वर आहे असे धरून −1 पासून 2 पर्यंत एका दमात समाकलन केले, तर 9/4 येते. पहिला तुकडा ऋण होऊन दुसऱ्यातून वजा होतो. उत्तर शून्य किंवा ऋण आले असते तर चूक लगेच लक्षात आली असती. 9/4 मात्र धन आणि अगदी पटण्याजोगे दिसते. म्हणून अशा उत्तराच्या जिवावर राहण्यापेक्षा प्रत्येक तुकड्याचे उत्तर वेगळे लिहून ते धन आहे ना, हे पाहिलेले बरे.

प्रत्येक छेदनबिंदूवर मात्र जागा बदलतातच असे नाही. y = x³ आणि y = x² यांच्यासाठी x²(x − 1) = 0. इथे x = 0 हे मूळ दोनदा येते. त्या ठिकाणी दोन्ही वक्र नुसते टेकून पुढे जातात आणि x² आधीही वर, नंतरही वर राहतो. खरी अदलाबदल x = 1 वर होते. म्हणून प्रत्येक तुकड्यात एक बिंदू तपासायचा, आधीच्या तुकड्यावरून पुढचा गृहीत धरायचा नाही.

कधी समीकरण बीजगणिताने सुटतच नाही. y = cos x आणि y = x कुठे छेदतात हे अवयव पाडून कळत नाही; कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून जवळजवळ जात राहिले की x ≈ 0.739 मिळतो. y-अक्ष, cos x आणि ही रेषा यांनी वेढलेला भाग 0 पासून 0.739 पर्यंत मोजला, की क्षेत्रफळ सुमारे 0.40 येते.